शहाण्णव की शहाऐंशी

मोबाइलवर फोटो आला तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. महरीनने तो उघडला आणि पहिल्यांदा तिला वाटलं, फोनच बिघडला. करड्या रंगाच्या पडद्यावर एक तक्ता, त्यावर आडव्या रेघा आणि मधोमध एक काळपट पट्टा. खाली स्वरूपचा निरोप होता : ‘गाडीसाठी निघालो. टाइप करायला वेळ नाही. तू z काढ, शेठना सांग. संध्याकाळी भेटतो.’

तिने लगेच त्याला फोन लावला. रिंग गेलीच नाही. पुन्हा लावला. मग तिला आठवलं, स्वरूपच्या फोनची बॅटरी अर्धा दिवससुद्धा टिकत नाही, आणि एकदा गाडी घाटात शिरली की बोगद्यांमुळे तसाही फोन लागत नाही. तो मुंबईहून रत्नागिरीला सातपर्यंत पोचणार होता. हाशिमशेठना उत्तर हवं होतं चारच्या आत.

मार्च महिना होता, २००८ साल. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत हाशिमशेठचा आंब्याचा कारखाना होता. म्हणजे मागे आंबा पिकवायची आणि पेट्या भरायची शेड, पुढे तीन खोल्यांचं ऑफिस. शेठ सोळा वर्षं कुवेतमध्ये एका मोठ्या दुकानात होते. परत आल्यावर त्यांनी ठरवलं, आखातात राहणाऱ्या माणसाने तिथून इंटरनेटवर पेटी मागवावी आणि ती इथे त्याच्या आईबापाच्या दारात पोचावी. धंदा चालला. दोन वर्षांपूर्वी स्वरूपने त्यांना साइट करून दिली. तो मूळचा रत्नागिरीचाच, आता अंधेरीत एका खोलीत एकटाच काम करायचा. महरीन रत्नागिरीतल्याच राजिवड्याची. कोल्हापुरात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून आलेली. शेठनी तिला मालाच्या नोंदी ठेवायला घेतलं होतं, पण तिच्या डिग्रीचा उल्लेख ते पाहुण्यांसमोर आवर्जून करत.

यंदा स्वरूपने नवीन पान केलं होतं. जुन्या पानावर बटण होतं, पण त्याच्या वर ठळक अक्षरांत फोन नंबर होता : ‘विचारा, मग मागवा.’ नव्या पानावर नंबर नव्हता. आंब्याचा मोठा फोटो, तीन आकारांच्या पेट्या आणि ‘मागवा’ असं बटण. स्वरूपचं म्हणणं, नंबर दिसला की माणूस थबकतो, उद्या फोन करू म्हणतो आणि विसरतो. शेठनी विचारलं, हे खरं कशावरून? म्हणून चौदा दिवस दोन्ही पानं एकाच वेळी चालवली. साइटवर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपोआप जुनं पान दिसायचं, निम्म्यांना नवीन. आणि एकदा जे दिसलं तेच त्या कम्प्युटरवर पुन्हा दिसायचं. कोणत्या पानावर किती आले आणि त्यातल्या किती जणांनी पेटी मागवली, याचा हिशेब स्वरूपच्या खात्यात जमा होत होता. पासवर्ड फक्त त्याच्याकडे.

कोल्हापूरचा छापखाना यंदाचे पुठ्ठ्याचे खोके छापणार होता. खोक्यावर फोन नंबर टाकायचा की नुसता साइटचा पत्ता, हे चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. पण खोका ही वरवरची गोष्ट. नवीन पान जिंकलं तर फोनच बंद करायचा, असं शेठनी आधीच बोलून ठेवलं होतं. आणि फोन बंद म्हणजे मथुराताईची खुर्ची बंद.

मथुराताई मालगुंडहून रोज एसटीने यायची. पंचेचाळिशीची. आधी मागच्या शेडमध्ये पेट्या भरायची. पाठ धरली, वाकता येईना, तेव्हा शेठनी तिला फोनवर बसवलं. तिचा आवाज चांगला होता, आणि आंब्याबद्दल कुणी काहीही विचारलं तरी तिच्याकडे उत्तर असायचं. महरीन तिच्याच खोलीत, समोरच्या टेबलाला बसायची.

“काय गो, आला काय त्या पोराचा कागद?” मथुराताईने विचारलं.

“फोटो आलाय. दिसत नाही नीट.”

मथुराताई फोनची वायर उगाच सरळ करत बसली.

महरीनने केबल जोडून फोटो कम्प्युटरवर घेतला, मोठा केला. मोठा केल्यावर तर नुसते चौकोनच दिसायला लागले. स्वरूपने त्याच्या जुन्या, पेटीसारख्या मॉनिटरचा फोटो काढला होता. अशा पडद्याचा फोटो काढला की काळा पट्टा येतोच. दोन ओळी होत्या. वरची जुन्या पानाची, खालची नव्या. पहिला रकाना पाहुण्यांचा : २४१२ आणि २३८८. ते स्पष्ट होतं. दुसरा रकाना ऑर्डरींचा. खालचा आकडा ११६, तोही दिसत होता. वरच्या आकड्यावर नेमका पट्टा. शेवटचा सहा कळत होता. त्याआधीचा इंग्रजी आकडा आठ होता की नऊ, ते कळत नव्हतं. खालचा गोल बंद आहे की उघडा, हे पट्ट्यात बुडालं होतं.

ती मान तिरकी करून बघत राहिली. मग डोळे बारीक करून. नऊ. नऊच वाटतोय. शहाण्णव.

तिने कागद ओढला. जुनं पान : २४१२ पैकी ९६, म्हणजे शेकडा ३.९८. नवीन : २३८८ पैकी ११६, शेकडा ४.८६. फरक शेकडा ०.८८. दिसायला नवीन पुढे होतं. पण प्रश्न तो नव्हता. दोन्ही पानं खरोखर सारखी असती, तरीही नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडू शकला असता का, हा प्रश्न होता. त्यासाठी दोन्ही मिळून एकच टक्का धरायचा : ४८०० पैकी २१२, शेकडा ४.४२. त्यावरून फरकाची नेहमीची डगमग किती, ते काढायचं; ती शेकडा ०.५९ आली. z म्हणजे हाच भागाकार : ०.८८ ला ०.५९ ने भागलं. १.४८.

z १.९६ च्या पलीकडे गेला तर फरक खरा मानायचा, असं त्यांनी चाचणी सुरू करण्याआधीच ठरवलं होतं. हे बरंच अलीकडे होतं.

तिने श्वास सोडला. तो इतका मोठ्याने निघाला की मथुराताईने वर बघितलं.

“काय झाला?”

“काही नाही. म्हणजे... नवीन पान पुढं आहे, पण एवढ्या फरकावर पैज मारता येत नाही. पानं सारखी असली तरी शंभरातून चौदा वेळा एवढा फरक आपोआप पडेल.”

“म्हणजे फोन ऱ्हातो?”

“मी शेठना सांगते आधी.”

शेठ आतल्या खोलीत होते. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला. त्यांचा चेहरा उतरला. नवीन पान त्यांना आवडलं होतं. “बरं,” ते म्हणाले. “तू म्हणतेस तर तसं. पुरावा नाही, तर नाही. मी छापखान्याला दुपारी सांगतो, नंबर असू दे.”

साडेबाराला मथुराताईने डबा उघडला आणि अर्धी भाकरी न विचारता महरीनच्या झाकणात ठेवली. सुकटीची चटणीही. ती बोलत होती, मालगुंडच्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल, आणि मधेच हसत होती. महरीन हुंकार देत होती.

जेवण झाल्यावर ती अहवाल टाइप करायला बसली. तक्ता जसाच्या तसा उतरवायचा म्हणून तिने फोटो पुन्हा उघडला. उजवीकडे तिसरा रकाना होता. शेकडा प्रमाणाचा. सकाळी तिने तिकडे बघितलंच नव्हतं. टक्के आपले आपण काढायचे, ही सवय. खालच्या ओळीचा टक्का फोटोच्या कडेला कापला गेला होता. वरच्या ओळीचा होता. पट्टा तिथपर्यंत जाईतो थोडा खाली उतरला होता.

३.५७.

तिने कॅल्क्युलेटर घेतलं. ९६ भागिले २४१२ : ३.९८. ८६ भागिले २४१२ : ३.५६५५. म्हणजे ३.५७.

शहाऐंशी.

तिने पुन्हा केलं. दोन्ही मिळून २०२. ४८०० पैकी २०२ म्हणजे शेकडा ४.२१. डगमग ०.५८. फरक १.२९. भागाकार २.२३. मर्यादेच्या पलीकडे. पानं सारखी असती तर हजारात सव्वीस वेळाच एवढा फरक पडला असता. नवीन पान जिंकलं होतं, आणि हे सकाळपासून तिच्या समोरच्या फोटोत लिहिलेलं होतं.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. समोर मथुराताई फोनवर कुणाला तरी समजावत होती : “दादा, देठाकडे वास घेऊन बघा. वास नाय तर अजून दोन दिवस पेंढ्यात ठेवा.”

महरीनला वाटलं, कुणाला कळणार आहे? फोटो अंधूक आहे. कुणीही नऊ वाचला असता. सातला स्वरूप येईल, तोवर खोके छापायला गेलेले असतील, शेठ म्हणतील जाऊ दे, एक हंगाम. तिने पडद्यावरची फोटोची खिडकी बंद केली, मग उघडली. मग तिला आणखी वाईट गोष्ट जाणवली : सकाळी तिला नऊ दिसला, कारण तिला नऊच हवा होता. ती खोटं बोलली नव्हती. पण आता गप्प राहिली तर ते खोटंच झालं असतं.

ती उठली. मोबाइल आणि कॅल्क्युलेटर घेऊन शेठच्या दारात गेली.

“शेठ, माझं चुकलं. तो आकडा शहाण्णव नाही, शहाऐंशी आहे.”

तिने टक्क्याचा रकाना दाखवला, भागाकार दाखवला. शेठनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितला.

“म्हणजे स्वरूपचं बरोबर होतं.”

“आकड्यांप्रमाणे, हो.”

“मी छापखान्याला फोन केला नाही अजून, हे नशीब.” त्यांचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. “महरीन, मी सोळा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काढली. तिथं एक शिकलो. जे विकतं ते ठेवायचं. मथुराला मी रस्त्यावर नाही टाकत, मे अखेरपर्यंत पगार देईन. पण फोन एक एप्रिलपासून बंद. तू सांगतेस का मी सांगू?”

“मी सांगते,” महरीन म्हणाली. आणि म्हणाल्यावर तिला पश्चात्ताप झाला.

तिने उभ्यानेच सांगितलं. खुर्चीत बसून सांगायचं धाडस झालं नाही. मथुराताई ऐकत होती.

“सकाळी तर सांगितलंस नाय म्हणून.”

“सकाळी मी आकडा चुकीचा वाचला.”

“आणि ता तुला आत्ता कळला. जेवल्यावर.”

महरीनने कागद मथुराताईच्या पुढे ठेवला, जणू कागदच तिच्यातर्फे बोलेल. “हे बघ, मथुराताई. जुन्या पानावर दोन हजार चारशे बारा माणसं आली, त्यातल्या शहाऐंशी जणांनी मागवलं. नव्या पानावर...”

“जुना पान म्हणजे माझा नंबर होता ता?”

“हो.”

“आणि शहाऐंशी म्हणजे?”

“ज्यांनी पेटी मागवली.”

“बटण दाबून.”

“हो, बटण दाबून.”

मथुराताईने कागद उलटा केला, मागे काही आहे का बघितलं. मग रागाने म्हणाली, “मग माझ्या खय गेल्या?”

“काय तुझ्या?”

“ऑर्डरी! चौदा दिवस मी काय इथं माशा मारत होते? फोनवर लोकांनी मागवल्यान, ते यात कुठं हायत? मी लिहिते त्या माणसांचा यात एक तरी आकडा दाखव मला.”

महरीनने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

नव्हताच. कुठेच नव्हता. स्वरूपच्या खात्यात बटण दाबलं तरच ऑर्डर मोजली जायची. जुन्या पानावर आलेला माणूस नंबर बघून फोन करायचा, पेटी मागवायचा आणि त्या तक्त्यात ‘काही न मागवता गेलेला’ म्हणून राहायचा. नव्या पानावर नंबरच नव्हता, म्हणून ज्याला मागवायचं होतं त्याला बटण दाबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भागाकार बरोबर होता, पण ज्याला भागलं तेच अपुरं होतं.

“मथुराताई, तुझी वही दे.”

“कशाला?”

“दे गं आधी!”

हा नंबर खास साइटसाठी घेतला होता आणि जुन्या पानाशिवाय कुठेच छापलेला नव्हता. खोक्यावर तो यंदा पहिल्यांदा येणार होता. मथुराताईच्या शंभर पानी वहीत प्रत्येक फोनचं नाव, गाव आणि काय मागवलं ते होतं. आणि आणखी एक होतं, जे तिला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. ती प्रत्येकाला विचारायची, नंबर कुठून मिळाला? तिला नुसतं कुतूहल होतं. उत्तर ती नावापुढे लिहायची : ‘साइटवर’, ‘मेव्हण्याने दिला’, ‘गेल्या वर्षीचा’.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. दोघी वहीवर वाकल्या. महरीनने चाचणीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत खुणा केल्या. फोनवरून पेटी मागवणारी माणसं, दोनदा केलेले फोन वगळून : एकतीस.

तिने मनातच बेरीज केली. ८६ आणि ३१, ११७. नवीन पानाच्या ११६ च्या अगदी शेजारी. फरक जवळपास शून्य. इतकं सुरेख उत्तर की तिला तिथेच थांबावंसं वाटलं.

“झाला?” मथुराताईने विचारलं.

“नाही.” महरीनने पुन्हा पहिल्या नावावर बोट ठेवलं. “ज्यांनी ते पान या चौदा दिवसांत बघितलंच नाही, ते यात धरता येणार नाहीत. मेव्हण्याने नंबर दिला, तो माणूस त्या दोन हजार चारशे बारांत नाहीच.”

“पेटी तर घेतलान ना त्यान?”

“घेतली. पण पानामुळे नाही.”

मथुराताईने ओठ आवळले. पण तिने स्वतःच वाचायला सुरुवात केली, ‘गेल्या वर्षीचा’ किंवा ‘मेव्हण्याने दिला’ आलं की बोटाने टेबलावर टकटक करायची. नऊ वेळा टकटक झाली. उरले बावीस.

जुनं पान : ८६ आणि २२, १०८. २४१२ पैकी १०८, शेकडा ४.४८. नवीन ४.८६. फरक ०.३८. दोन्ही मिळून २२४, त्यावरून डगमग ०.६१. झेड ०.६२. पानं सारखी असती तर निम्म्याहून जास्त वेळा एवढा फरक पडला असता.

साडेतीनला ती पुन्हा शेठच्या दारात उभी होती, हातात वही. आतून शेठचा आवाज येत होता. ते छापखान्याशीच बोलत होते. तिने दार न वाजवता आत पाऊल टाकलं. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

“शेठ, दहा मिनिटं थांबायला सांगा त्यांना.”

शेठनी फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. “आता काय?”

तिने सांगितलं. भराभर, थोडं तोतरं. शेठ ऐकत होते, पण मधेच त्यांनी हात वर केला.

“सकाळी दीड. दुपारी सव्वादोन. आता अर्धा. तासाभराने काय होणार?” ते खुर्चीत मागे रेलले. “मला एक सांग. तुला बाई राहायला हवी आहे. म्हणून तुला पाहिजे ते उत्तर येईपर्यंत तू हिशेब करत बसली आहेस. खरं की नाही?”

महरीनला हे आतून लागलं, कारण निम्मं खरं होतं.

“मला ती राहायला हवी आहे,” ती म्हणाली. “सकाळी त्याच नादात मी नऊ वाचला. पण दुपारी मीच येऊन सांगितलं ना शहाऐंशी? आता हिशेबाची रीत तीच आहे, शेठ. मोजायची माणसं सुटली होती. तुम्हाला बटणं मोजायची आहेत की पेट्या?”

तिने वही त्यांच्या पुढे सरकवली.

“आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. वही घ्या. खुणा केलेल्या बावीसांपैकी कुणालाही तुम्ही फोन लावा.”

शेठनी छापखान्याच्या माणसाला “दहा मिनिटांत करतो” म्हणून सांगितलं. वही घेतली. पानं चाळून मधलंच एक नाव निवडलं. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शेठनी दुसरं नाव काढलं, पुण्याचं. या वेळी उचलला गेला.

“नमस्कार, रत्नागिरीहून बोलतोय, आंब्याचं... हो, हो, पेटी वेळेवर निघेल. एवढंच विचारायचं होतं, आमचा नंबर तुम्हाला कुठं मिळाला?” ते ऐकत राहिले. मग त्यांची भुवई वर गेली. “असं? बरं. बरं. नाही, नाही, सांगतो तिला.”

त्यांनी फोन ठेवला. “साइटवर बघितला म्हणतो. कार्ड घालायला भीती वाटली, म्हणून फोन केला.” थोडं थांबून म्हणाले, “बाईंना नमस्कार सांगा म्हणाला.”

तिसरा फोन कोथरूडच्या एका बाईंना लागला. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त कार्डाऐवजी पेटी दोन पत्त्यांवर पाठवायची होती, तसं बटण सापडलं नाही म्हणाल्या. शेठनी वही मिटली.

“म्हणजे दोन्ही सारखी?”

“ते नाही सांगता येत,” महरीन म्हणाली. होय म्हणणं सोपं होतं. “सारखी आहेत हे सिद्ध नाही झालं. एवढ्या माणसांवरून वेगळी आहेत असं म्हणता येत नाही, इतकंच.”

“तुझं उत्तर एकदा तरी सरळ येऊ दे.” पण ते हसत होते, किंचित. चारला पाच कमी असताना त्यांनी कोल्हापूरला फोन लावला. “खोक्यावर नंबर टाका,” त्यांनी सांगितलं, आणि मथुराताईच्या फोनचा नंबर दोनदा वाचून दाखवला.

स्वरूप आला तेव्हा मथुराताई एसटीसाठी निघून गेली होती. त्याच्या खांद्याला बॅग, अंगावर प्रवासाची धूळ. महरीनने पहिला प्रश्न विचारला, “शहाऐंशी ना?”

“शहाऐंशी,” तो म्हणाला. “का? फोटोत दिसत नव्हतं?”

तिने सगळं सांगितलं. तो वहीची पानं उलटत ऐकत राहिला. महरीनला वाटलं, चिडेल. नवीन पानावर त्याने महिनाभर घालवला होता. तो वही मिटून म्हणाला, “फोनवरच्या मोजायच्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नव्या पानावरून नंबर मीच काढला, आणि जुन्यावरचे फोन मीच मोजले नाहीत.” त्याचे कान लाल झाले होते.

दुसरी चाचणी दोघांनी मिळून ठरवली. आता दोन्ही पानांवर फोन नंबर, पण वेगवेगळे, म्हणजे कोणत्या पानावरून फोन आला ते कळेल. तीन आठवडे. आणि मधे कुणीही आकडे बघायचे नाहीत, असं महरीनने लिहूनच घेतलं. कारण रोज डोकावलं की ज्या दिवशी आपल्या मनासारखं दिसतं त्याच दिवशी थांबावंसं वाटतं.

शेठ पाचव्या दिवसापासून डोकावायला लागले. “नुसतं सांग, कोण पुढं आहे.” ती नाही म्हणायची. नाही म्हटल्यावर तिला रात्री जेवण जायचं नाही. घरी अब्बांनी विचारलं, नोकरी नीट चालली आहे ना?

मथुराताई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दोन फोन आले, तेव्हा दुसऱ्याची वायर लावून देताना महरीनच म्हणाली, “रागावलीस?”

“रागावू नको तर काय? तू गेलीस ना शेठकडे शहाऐंशी सांगायला. मला आधी नाय सांगितलंस.”

“आधी सांगितलं असतं तर गेलेच नसते.”

मथुराताईने त्यावर विचार केला. “आणि त्या एकतीस सांगितल्या असत्यास तर?” ती म्हणाली. “शेठनी त्या मेव्हण्यालाच फोन लावलान असता. मग काय तोंड दाखवलं असतंस?” तिने दोन्ही फोनवर वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या, लाल जुन्या पानाच्या फोनला, निळी नव्याच्या. “बस आता. तुझी मान बघ कशी आखडल्येय.”

तीन आठवड्यांनी स्वरूपने आकडे टाइप करून पाठवले. महरीनने तिसरा रकाना आधी तपासला, मग हिशेब केला. झेड एकापर्यंतही पोचला नाही. तिने शेठना तसंच सांगितलं : फरक दिसत नाही, आवडेल ते ठेवा. शेठनी नवीन पान ठेवलं, कारण त्यांना तो आंब्याचा फोटो आवडायचा, आणि नंबर वर ठळक ठेवला. मे अखेरीस मथुराताईला एकटीला दोन फोन आवरेनात, म्हणून पावसाआधीचे शेवटचे दहा दिवस महरीनही तिच्या शेजारी बसून फोन घेत होती. पहिल्याच दिवशी एकाने तिला विचारलं, हा आंबा नक्की गोड निघेल ना? तिने तोंड उघडलं, पण तिला ‘नक्की’ म्हणवेना, आणि तिने फोन मथुराताईकडे दिला.